पापड मार्चमध्ये, लोणचं मेमध्ये: एका महिला गटाच्या आगाऊ नोंदणीच्या मजकुराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात अकरा बायकांचा बचत गट आहे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत त्या वाळवण आणि लोणची करतात, नंतर मसाले आणि भाजण्या, दिवाळीला फराळ. गटाचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. आकडे गटाच्या वहीतले आहेत, काही ठिकाणी गोल केलेले.

सुरुवातीला माल आठवडे बाजारात आणि तालुक्याच्या प्रदर्शनात विकला जायचा. नंतर गटातल्या एकीची मुलगी नोकरीसाठी पुण्याला आली आणि तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गटाचा संदेश फिरू लागला. पाहता पाहता शेजारच्या तीन सोसायट्याही जोडल्या गेल्या. ही घरं बहुतेक नवराबायको दोघं नोकरी करणारी, संध्याकाळी आठच्या सुमारास घरी पोचणारी. गच्ची सोसायटीच्या मालकीची, गॅलरीत ऊन येतं ते दोन तास. घरात वाळवण घालणं त्यांना शक्य नाही, पण खायची आवड आहे आणि पैसे द्यायची तयारीही.

म्हणजे गिऱ्हाईक होतं आणि माल चांगला होता. तरीही 2024 च्या मेअखेरीस गटाच्या खोलीत चाळीस किलो पापड पडून होते, आणि जूनच्या मध्यावर लोणच्यासाठी फोन येत होते तेव्हा द्यायला बरणी नव्हती. जानेवारी 2025 मध्ये गटाने मला संदेशाचा मजकूर बघायला बोलावलं. महिला गटांसाठी असा मजकूर लिहिणं हे माझं नेहमीचं काम आहे.

अडचण नेमकी कुठे होती

2024 चा संदेश मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला होता. त्याची सुरुवात अशी होती:

"नमस्कार मैत्रिणींनो! उन्हाळा आला की आठवतं ते आजीच्या हातचं वाळवण! पण नोकरीच्या धावपळीत तुम्हाला हे सगळं करायला वेळ कुठे मिळतो? काळजी नको! आमच्या महिला घेऊन आल्या आहेत अस्सल घरगुती, कोणतंही केमिकल नसलेले पापड, कुरडया, शेवया, सांडगे आणि लोणची, तेही घाऊक दरात. आजच संपर्क करा!"

खाली एकतीस पदार्थांचे किलोचे दर होते.

उत्तरं भरपूर आली. "मला पण", "इंटरेस्टेड", "आम्हाला दरवर्षी लागतात", नुसते अंगठेही. गटाने ही सगळी उत्तरं मागणी म्हणून वहीत उतरवली आणि तेवढा उडीद भरला. माल घेऊन टेम्पो सोसायटीत गेला तेव्हा निम्म्याच घरांनी पिशवी घेतली. बाकीच्यांनी काही फसवलं नव्हतं. त्यांनी आवड कळवली होती, मागणी नोंदवली नव्हती. आणि संदेशातही नोंदणी कशाला म्हणायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लोणच्याचं उलट झालं. मार्चमध्ये, थंडी नुकती सरलेली असताना, एकतीस पदार्थांच्या यादीत सत्ताविसाव्या ओळीवर असलेलं कैरीचं लोणचं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. लोणचं आठवतं ते पहिला पाऊस झाल्यावर, आणि तोवर लोणच्याची कैरी बाजारातून जायला लागलेली असते. पाऊस लागला की फोड करकरीत राहत नाही, आंबटपणा उतरतो, आत पिवळेपणा येतो. गटाने त्या वर्षी चाळीसच बरण्या भरल्या होत्या.

आम्ही सचिवताईंच्या फोनमधला 2024 चा सगळा संवाद सुरुवातीपासून वाचला. तेच ते चार-पाच प्रश्न शंभरदा विचारलेले होते. "ताई, किलोत किती पापड बसतात हो? आमच्याकडे दोनच माणसं." "नक्की कधी मिळणार? त्या शनिवारी आम्ही गावी असू." "मी आठनंतर येते, पिशवी कुठे ठेवाल?" "तिखट असतात का? मुलगी पाच वर्षांची आहे." यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर संदेशात नव्हतं. ज्या आजीचा उल्लेख पहिल्याच ओळीत होता, तिच्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

दोन उत्तरं वेगळी होती. एका बाईंनी लिहिलं होतं, "केमिकल नाही म्हणता, मग पापडखार घालत नाही का?" उडदाच्या पापडाला पापडखार लागतोच, त्याशिवाय तो फुलत नाही आणि खुसखुशीत होत नाही. गटाने त्यांना काहीच उत्तर दिलं नव्हतं, कारण द्यायला उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "वेळ नाही हे आम्हाला रोज घरात ऐकायला मिळतं, तुम्हीही तेच म्हणता." हे वाचताना गटातल्या बायका गप्प झाल्या. नोकरी करणाऱ्या बाईला तिच्या वेळेवरून टोचायचं, हे त्यांच्या मनातही नव्हतं. पण विकायच्या मजकुरात ही ओळ इतक्या सवयीने येते की ती कुणाच्या जिवाला लागेल, असं लिहिणाऱ्याला वाटतच नाही. शिवाय "मैत्रिणींनो" म्हटल्यामुळे पुरुषांना तो संदेश आपल्यासाठी वाटतच नव्हता, आणि या घरांत किराणा मागवण्याचं काम बरेचदा पुरुष करतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तसं चालू ठेवायचं: अंदाजाने माल करायचा आणि उरेल तो प्रदर्शनात काढायचा. पापड टिकतो, म्हणून यात धोका कमी वाटतो. पण चाळीस किलो पापडात अडकलेला पैसा मे महिन्यात कैरी, मोहरीची डाळ आणि तेल यांना लागतो. 2024 मध्ये लोणचं कमी भरलं गेलं त्याचं एक कारण हेही होतं.

दुसरा पर्याय शहरातल्या एका दुकानदाराला माल देण्याचा. तो घ्यायला तयार होता, पण त्याला वर्षभर पुरवठा हवा होता आणि पैसे दोन महिन्यांनी मिळणार होते. अकरा बायकांच्या गटाला ते झेपणारं नव्हतं.

तिसरा पर्याय खरी आगाऊ नोंदणी: ठरावीक तारखेपर्यंत मागणी, त्यासोबत पैसे, आणि तेवढाच माल. यावर मतभेद पैशांवरून झाले. अध्यक्षताईंचं म्हणणं, "आधी पैसे मागितले तर लोक म्हणतील, आमच्यावर विश्वास नाही का?" गटातल्या सर्वांत लहान सभासदाचं म्हणणं, "ते फोनवरून गाडी बोलावतात तेव्हाही आधी पैसे भरतात, आपणच का लाजायचं?" पूर्ण पैसे आगाऊ घेण्याचा विचार झाला, तो मी मोडून काढला. गिऱ्हाइकाने अजून पाकीट पाहिलेलं नाही, पूर्ण पैसे मागितले तर पहिल्यांदा घेणारा दूर जातो. निम्मे ठरले. निम्म्या पैशांत कच्चा माल येतो आणि घेणाऱ्यालाही आपण काहीतरी ठरवलं आहे, याची जाणीव राहते.

चौथी गोष्ट पदार्थांच्या संख्येची, आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. प्रत्येकीचा एकेक हातखंडा पदार्थ यादीत होता. कुणाचे सांडगे, कुणाच्या हातशेवया, कुणाची भरली मिरची. यादी कापायची म्हणजे कुणाचा तरी पदार्थ कापायचा. आम्ही 2024 ची वही काढून पाहिली. विक्रीचा बहुतेक भाग उडदाचे पापड, कुरडया, उपवासाच्या पापड्या आणि कैरीचं लोणचं यांतूनच आलेला होता. उरलेले पदार्थ प्रदर्शनासाठी ठेवायचे आणि सोसायट्यांना एका वेळी तीनच दाखवायचे, असं ठरलं. सांडगेवाल्या काकूंना ते पटलं नाही, आणि त्यांचा मुद्दा पुढे खरा ठरला, त्याबद्दल शेवटी.

वाळवणाचा संदेश

नवा संदेश 22 फेब्रुवारीला गेला:

"रविवार 9 मार्चपर्यंत नोंदवा, शनिवार 19 एप्रिलला सोसायटीत मिळेल.
उडदाचे पापड: 200 ग्रॅम, पाकिटात 14, 85 रुपये. मिरीचे, मध्यम तिखट.
गव्हाच्या कुरडया: 250 ग्रॅम, 110 रुपये.
साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या: 250 ग्रॅम, 100 रुपये. तिखट नाही, उपवासाला चालतात.
चार माणसांच्या घरासाठी संच: पापडांची 4 पाकिटं, कुरडयांची 2, पापड्यांचं 1. एकूण 660 रुपये.
असं लिहून पाठवा: संच 1, बी-704. निम्मे पैसे याच नंबरवर यूपीआयने. पैसे पोचले की नाव वहीत चढतं, बाकीचे पिशवी घेताना.
टेम्पो संध्याकाळी 5 ते 8 गेटजवळ असेल. तेव्हा घरी नसाल तर आधी लिहा, पिशवी गेटवर ठेवू.
पापडात: उडीद डाळ, मिरी, जिरं, हिंग, पापडखार, मीठ, तेल.
कडक ऊन मिळालं नाही तर कुरडया करणार नाही, पैसे परत देऊ."

पहिली ओळ तारखांची आहे, कारण फोनच्या पडद्यावर न उघडलेल्या संदेशाची तेवढीच ओळ दिसते. लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला तेवढ्यात कळायला हवं की हे आज वाचायचं की रविवारी. नमस्कार काढल्यामुळे अध्यक्षताईंना चुकल्यासारखं वाटत होतं. मग ठरलं की ज्यांची नोंदणी होईल त्यांना उत्तरात नावाने नमस्कार करायचा. ते पुढे लोकांना आवडलेलंही दिसलं.

पाकिटात 14 पापड, हा आकडा वजनकाट्यावर प्रत्यक्ष मोजून घातला. गटाच्या आकाराचे पापड 200 ग्रॅममध्ये 14 बसतात. कधी तेरा, कधी पंधरा होतात, म्हणून लाट्या करतानाच काट्यावर एक लाटी तोलून घ्यायची सवय लावावी लागली. संचातले 56 पापडही असेच हिशोबाने आलेले: चार माणसांनी आठवड्यातून एकदा एकेक खाल्ला तर चौदा आठवडे, म्हणजे जून ते सप्टेंबरचा बहुतेक पावसाळा. हा हिशोब संदेशात लिहिला नाही, पण कुणी "पुरेल का?" विचारलं की सचिवताई तोच सांगत.

संचावर सूट द्यावी, असं बहुतेकींचं मत होतं. मी नको म्हटलं. सुट्या पाकिटांची बेरीज 660 होते आणि संचही 660 लाच आहे. या गिऱ्हाइकाला दहा रुपये वाचवायचे नसतात, त्याला "किती घेऊ?" हा विचार वाचवायचा असतो. सूट दिली असती तर एकेका पाकिटाचा दर उगाच चढवलेला वाटला असता.

पापडखाराची ओळ मुद्दाम ठेवली. घटक सरळ लिहिले की "केमिकल नाही" असं म्हणावं लागत नाही, आणि ज्याला वर्ज्य असेल तो आपोआप बाजूला होतो. पाकिटाच्या लेबलवर घटक, वजन, पॅक केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक होताच. संदेशाने लेबलशी मिळतंजुळतं बोलावं, एवढंच केलं.

शेवटची उन्हाची ओळ लिहावी की नको, यावर वाद झाला. काहींना ती अपशकुनी वाटली. पण कुरडईचं काम असं आहे की गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी शिजवून सोऱ्याने घालायच्या आणि पुढे दोन दिवस खणखणीत ऊन हवं. भिजवलेला गहू थांबत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याने आधीच सांगून ठेवणं बरं.

लोणच्याचा संदेश

लोणच्याच्या मजकुरात खरा निर्णय शब्दांचा नव्हता, बरणी कधी द्यायची याचा होता. 2024 मध्ये गटाने लोणचं भरल्यावर आठवड्यात बरण्या पोचवल्या होत्या. घरोघरी त्याच संध्याकाळी बरणी उघडली गेली आणि फोन सुरू झाले: फोड टणक आहे, मीठ पुढे येतं, मोहरी नाकात जाते. लोणचं बिघडलेलं नव्हतं, मुरलेलं नव्हतं. गावातली बाई बरणी फडक्याने बांधून फडताळात ठेवते आणि विसरते. शहरातल्या घरात ती थेट जेवणाच्या टेबलावर येते.

दोन वाटा होत्या. बरणीवर "तीन आठवड्यांनी उघडा" अशी चिठ्ठी लावायची, किंवा तीन आठवडे गटानेच थांबायचं. चिठ्ठी स्वस्त पडते, पण ती कुणी वाचत नाही. थांबायचं तर जागा, मोठ्या चिनी मातीच्या बरण्या आणि रोज कोरड्या डावाने ढवळणारा हात लागतो, आणि उरलेले निम्मे पैसे महिनाभर उशिरा येतात. गटाने थांबायचं ठरवलं. आषाढी एकादशी 6 जुलैला होती. त्याच्या आठवडाभर आधीचा शनिवार धरून 28 जून ही तारीख पक्की केली.

"रविवार 11 मेपर्यंत नोंदवा, शनिवार 28 जूनला मुरलेलं लोणचं मिळेल.
कैरीचं लोणचं: 500 ग्रॅमची बरणी, 220 रुपये. दोन माणसांना साधारण तीन महिने.
चांगली कैरी मिळेल त्या दिवशी भरतो, मग निदान तीन आठवडे आमच्याकडेच मुरतं. आधी मागू नका, कच्चं लागेल.
लोणच्यात: कैरी, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, हळद, मेथी, हिंग, शेंगदाण्याचं तेल.
घरी आल्यावर: कोरडाच चमचा. आठवड्यापुरतं लहान बाटलीत काढा. फोडी तेलाखाली राहू द्या. तेल कमी वाटलं तर तापवून, पूर्ण गार करून वर घाला.
असं लिहून पाठवा: लोणचं 2, बी-704. निम्मे पैसे यूपीआयने."

भरायची तारीख मुद्दाम दिली नाही. कैरी कोणत्या दिवशी चांगली येईल हे बाजारात गेल्यावरच कळतं. गिऱ्हाइकाला ती तारीख नकोच असते, त्याला पोचायची तारीख हवी असते. गटाचा हात भरायच्या दिवसाबाबत मोकळा राहिला, आणि दहाच दिवसांत हे कामी आलं.

मे महिन्यातला पाऊस

19 एप्रिलची खेप ठरल्याप्रमाणे गेली. कुरडया लोकांनी तळून पाहिल्या आणि आणखी मागणी आली. गटाने दुसरी खेप उघडली: 4 मेपर्यंत नोंदणी, मेच्या मध्यावर करायच्या. साठ पाकिटं नोंदली गेली.

2025 चा मे कसा गेला हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. वळवाचा पाऊस महिन्याच्या मध्यापासून थांबेचना आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत येऊन दाखल झाला, नेहमीच्या 11 जूनच्या तारखेच्या दोन आठवडे आधी. गव्हाचं भिजवण पातेल्यांत होतं तेव्हाच आभाळ भरून आलं.

चीक निघाला त्या सकाळी चार सूचना पुढे आल्या. खोलीत पंखे लावून वाळवायच्या. शेजारच्या गावात एप्रिलमध्ये केलेल्या कुरडया विकत घेऊन आपल्या पाकिटात भरायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात करून द्यायच्या. किंवा पैसे परत. पंख्याखाली कुरडई वरून वाळते आणि आत ओल धरून बसते. चार दिवसांत आंबूस वास येतो आणि तळल्यावर ती फुलायच्या ऐवजी तेल पिते. दुसऱ्याचा माल आपल्या नावाने देणं अध्यक्षताईंनी एका वाक्यात बंद केलं. ऑक्टोबरपर्यंत लोकांचे पैसे ठेवायचे कशाला? त्याच संध्याकाळी संदेश गेला:

"कुरडयांच्या दुसऱ्या खेपेबद्दल. गहू भिजवले होते, पण ऊन नाही आणि चीक थांबत नाही. पंख्याखाली वाळवलेल्या कुरडयांना वास येतो, त्या आम्ही देणार नाही. तुमचे आगाऊ पैसे आज रात्री परत पाठवतो. लोणच्याची तारीख तीच आहे: 28 जून."

त्यात माफीची लांबण नाही, निसर्गापुढे कुणाचं चालतं वगैरे नाही. काय झालं, पैसे कधी येतील आणि दुसऱ्या मागणीचं काय, एवढंच. चीक गटातल्या घरांनी गूळ-तूप घालून खाल्ला, बराचसा आजूबाजूला वाटला. नुकसान गव्हाचं आणि तीन दिवसांच्या मेहनतीचं झालं.

लोणच्याबाबत मात्र गट वेळेवर होता. नोंदणी 11 मेला बंद झाली होती आणि 132 बरण्यांची मागणी वहीत होती, म्हणजे 66 किलो लोणचं. एरवी कैरी 25 मेच्या आसपास घेतली जाते. आभाळ बघून सचिवताई आणि दोघीजणी त्याच आठवड्यात पहाटे बाजार समितीत गेल्या आणि साठ किलो कैरी एकाच दिवशी उचलली. किती घ्यायची हे माहीत असल्यामुळेच हे जमलं. 2024 सारखी मागणी जूनपर्यंत ठिबकत राहिली असती तर त्या दिवशी वीस किलो घेऊन परत आल्या असत्या, आणि पुढची कैरी मऊ मिळाली असती.

कैरी निवडतानाही पाऊस डोक्यात होता. वाऱ्याने गळून पडलेली कैरी स्वस्त होती, पण तिला मार लागलेला असतो आणि फोड तिथूनच काळी पडते. म्हणून झाडावरून उतरवलेली, बाठ धरलेली, देठाशी हिरवी अशीच घेतली. फोडी पुसून उन्हात घालायला ऊन नव्हतं. सुती धोतरांवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवल्या, सकाळी हाताला ओल लागत नाही याची खात्री केली. मीठ नेहमीच्या प्रमाणात, किलोभर फोडींना 200 ग्रॅम. ओल आहे म्हणून जास्त घालूया, असं कुणीतरी सुचवलं, पण चव बिघडली असती. तेल मात्र वर बोटभर राहील इतकं ठेवलं.

दहा दिवसांनी एका बरणीत वर पांढरट साय आणि बारीक बुडबुडे दिसले. झाकण काढल्यावर वास आंबल्यासारखा. वरची साय काढून खालचं वापरावं का, असा प्रश्न आला. आम्ही ती बरणी पूर्ण टाकून दिली. मागणीपेक्षा चार किलो जास्त भरलं होतं, त्यात ती भागली.

निकाल

वाळवणाच्या पहिल्या खेपेला 74 घरांनी पैशांसह नोंदणी केली, त्यातल्या 52 घरांनी संच घेतला. तीन पिशव्या सोडल्या तर सगळा माल त्याच संध्याकाळी गेला. मेअखेरीस खोलीत तीन किलो पापड शिल्लक होते. लोणचं 40 बरण्यांवरून 132 वर गेलं आणि कच्चं असल्याचा एकही फोन आला नाही. पाऊस लवकर आल्यामुळे लोणचं लवकर भरलं गेलं होतं, त्यामुळे ते तीनऐवजी जवळजवळ सहा आठवडे मुरलं. त्याचं श्रेय मजकुराला देता येणार नाही.

याची किंमतही होती. आदल्या वर्षी "मला पण" लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण आगाऊ पैशांचं वाचून गप्प राहिले. एकूण विकलेलं वाळवण 2024 पेक्षा थोडं कमीच भरलं. गटातल्या दोघींना अजूनही वाटतं की दार फार अरुंद केलं. माझ्या मते ती घरं 2024 मध्येही पिशवी घेत नव्हतीच.

कुरडयांचे पैसे परत मिळालेल्या साठ पाकिटांच्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांची लोणच्याची नोंदणी आधीच होती. त्यातल्या एकानेही ती रद्द केली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कुरडयांची दुसरी खेप उघडायला नको होती. मे पावसाळी नसता तरी मेच्या मध्याला वळवाची शक्यता असतेच. मागणी आली म्हणून तारीख पुढे ढकलली गेली. पुढच्या वर्षी कुरडयांची शेवटची तारीख अक्षय्य तृतीयेच्या आतलीच राहील, मग मागणी कितीही येवो.

नोंदणीच्या नमुन्यात सोसायटीचं नाव मागायला हवं होतं. चार सोसायट्यांपैकी दोन ठिकाणी बी-704 आहे. 19 एप्रिलला एका घराची उपवासाच्या पापड्यांची पिशवी दुसऱ्याच गेटवर उतरली आणि रात्री दहाला दोन्हीकडून फोन आले. आता नमुना असा आहे: "संच 1, सोसायटीचं नाव, बी-704."

"आधी मागू नका" ही ओळ काहींना तोडून बोलल्यासारखी वाटली. गावात हे बोलणं आपुलकीचं वाटतं, अनोळखी नंबरवरून आल्यावर नाही. तिथे आता "28 जूनच्या आधी ते खाण्यासारखं होत नाही" असं आहे.

दोन माणसांच्या घरांसाठी लहान संच हवा होता. अशा घरांनी सुटी पाकिटं मागितली आणि प्रत्येकाशी वेगळा हिशोब करावा लागला. यूपीआय न वापरणाऱ्या तीन-चार ज्येष्ठ घरांसाठी आगाऊ पैशांचा नियम सैल ठेवावा लागला. ती सोय संदेशात नाही, सचिवताई फोनवर करतात, आणि ती तशीच राहावी.

सांडगेवाल्या काकूंचा मुद्दा होता की मन लावून खाणारी घरं तीन पदार्थांवर थांबत नाहीत. ते खरं निघालं. पिशवी घेताना दहा-बारा घरांनी सांडगे आणि हातशेवया आहेत का, असं विचारलं. मुख्य संदेश तीन पदार्थांचाच राहील, पण 2026 साठी पिशवीत एक छापील कागद जाणार आहे, ज्यावर उरलेले पदार्थ आणि ते कोणत्या महिन्यात होतात हे लिहिलेलं असेल. सांडगे त्यात पहिल्या ओळीवर आहेत.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मुरेपर्यंत लोणचं गटाकडे ठेवल्याने निम्मे पैसे महिन्याहून जास्त अडकतात. बरणीचा दर 220 वरून 240 करावा, की लोणच्याला पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत, यावर गटात दोन बाजू आहेत. ज्यांनी एकदा लोणचं नेलं आहे त्यांच्याकडून पूर्ण आणि नव्यांकडून निम्मे, असा मधला मार्ग मी सुचवला आहे. वहीत दोन रकाने वाढवावे लागतील आणि सचिवताईंचं काम वाढेल, म्हणून त्यांनी विचार करायला जानेवारीच्या बैठकीपर्यंत वेळ मागितला आहे.